वहीतली वाकळ

जुने सुती लुगडे वर्षानुवर्षे धुतले गेले की त्याला एक मऊपणा येतो, जो नव्या कापडाला काही केल्या येत नाही. अशी तीन-चार लुगडी एकावर एक पसरायची, हाताने मधून कडेकडे सुरकुत्या सारत न्यायच्या, चारी बाजूंनी कच्चा टाका घालायचा आणि मग कडेपासून आत बोटा-बोटाच्या अंतरावर धावदोरा घालत जायचे, हे मी माझ्या आजीकडून शिकले. इतरत्र तिला गोधडी म्हणतात. आमच्या सोलापूरकडे ती वाकळ. रात्रीची जेवणे उरकली, ओटा आवरला की मी वाकळ मांडीवर घेऊन बसते. दिवसभर सूत-व्यापाऱ्याच्या पेढीवर जमाखर्च लिहून थकलेले डोके, सुई कापडातून चार-पाच टाके उचलून बाहेर आली की हळूहळू निवते. गेली बारा वर्षे हा माझा छंद आहे आणि गेली अडीच वर्षे, नोकरी सोडून हाच व्यवसाय करावा का, या प्रश्नाचा मी वहीत हिशेब मांडते आहे. त्या वहीतली आकडेमोड इथे लिहिते आहे, कारण हा निर्णय घेताना मला सल्ले पुष्कळ मिळाले. आकडे मात्र कोणी दिले नाहीत.

सुरुवात एका बारशाने झाली. नात्यातल्या बाळाला मी छोटी वाकळ दिली, ती पाहून चार जणींनी मागितली, त्या चौघींच्या ओळखीतून आणखी काही आल्या. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणू लागल्या, "तुझ्या हातात कला आहे, नोकरीत कशाला अडकून पडलीस?" मलाही ते खरे वाटू लागले. एका बाळवाकळीचे मी १,२०० रुपये घेत होते आणि त्यात कापड, दोरा आणि गोट मिळून जेमतेम १५० रुपये जात. म्हणजे एका वाकळीमागे १,०५० रुपये सुटतात, महिन्याला वीस केल्या तर पगारापेक्षा जास्त, असा हिशेब मी बसच्या तिकिटाच्या मागे मांडला होता. त्या हिशेबात एक गोष्ट नव्हती. वीस वाकळी शिवायला किती तास लागतात, हे मी कधी मोजलेच नव्हते, कारण छंदाचे तास कोणी मोजत नाही.

जमाखर्च लिहिणे हेच माझे काम असल्याने पुढच्या वाकळीपासून मी सुई हातात घेताना आणि ठेवताना घड्याळ बघून वेळ टिपू लागले. त्याचबरोबर शिवण मीटरमध्ये मोजली. बाळवाकळ तीन फूट रुंद आणि साडेतीन फूट लांब असते. एक-एक इंचावर धावदोरा घातला तर साडेतीन फुटांच्या छत्तीस ओळी होतात आणि कडेचे फेरे धरून साधारण ४० मीटर शिवण भरते. माझा हात तासाला चार मीटर चालतो. म्हणजे नुसत्या टाक्यांना दहा तास लागतात. लुगडी धुणे, वाळवणे, इस्त्री, कापणे, थर लावणे आणि गोट यांचे आणखी तीन तास. एकूण तेरा तास. १,०५० रुपयांना तेराने भागले की तासाला ऐंशी रुपये येतात. पाच बाय सातच्या मोठ्या वाकळीची शिवण १३० मीटर भरली आणि तिला चाळीस तास लागले. तिचे मी तेव्हा साडेतीन हजार घेत होते, म्हणजे साहित्याचे पैसे वजा केले तर तिथेही तासाचा भाव त्याच्याच आसपास. हा आकडा पाहिल्यावर मी दोन दिवस सुई हातात घेतली नाही. छंद म्हणून ते तेरा तास मला विश्रांती वाटत होते. व्यवसायात तेच तेरा तास म्हणजे विकायचा सगळा माल होता.

तरीही मनाची समजूत घालत होते की नोकरी सुटली की दिवसाचे आठ तास मोकळे मिळतील, हात अजून वेगाने चालेल. हे खरे की खोटे हे पाहण्यासाठी मी एक प्रयोग केला आणि नोकरी सोडण्याच्या विचारात असलेल्या कोणालाही मी हाच आधी करायला सांगेन. माझी अठरा दिवसांची हक्काची रजा शिल्लक होती. दीड वर्षापूर्वीच्या डिसेंबरात ती सगळी मी एकदम घेतली आणि नोकरी नाहीच असे धरून त्या अठरा दिवसांत काम केले. घरच्यांनाही सांगितले की मी रजेवर नाही, कामावर आहे.

पहिल्या दिवशी सात तास शिवले. दुसऱ्या दिवशीही सात. तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या पेरावर फोड आला आणि मान अशी आखडली की चौथ्या दिवशी तीन तासांत थांबावे लागले. त्यानंतर हात ज्या लयीत स्थिरावला ती सरासरी सव्वापाच तासांची होती. याहून जास्त शिवले की टाके लांबट पडत आणि दुसऱ्या दिवशी उसवावे लागत. म्हणजे जादा घेतलेला तास दुसऱ्या दिवशी परत द्यावा लागे. उरलेल्या वेळात गिऱ्हाइकांशी बोलणे, चाटी गल्लीत जाऊन अस्तराचे कापड पाहणे, तयार माल कुरिअरला देणे अशी कामे होती, ज्यांचे पैसे वेगळे कोणीच देत नाही. शिवाय "घरीच आहेस ना" असे म्हणत दुपारी येणारी माणसे होती. त्या अठरा दिवसांत एकूण ९४ तास शिवण झाली आणि सात बाळवाकळी पुऱ्या झाल्या. सुटलेले पैसे ७,३५०. बसच्या तिकिटामागच्या वीस वाकळींपैकी तेरा कुठे गेल्या, हे मला आता कळले होते.

रजेवरून परत कामावर जाताना मी निराश होते, हे कबूल करते. पण तो राजीनामा देऊन नंतर कळलेला आकडा नव्हता. अठरा दिवसांची रजा एवढीच त्याची किंमत होती.

मग मी दुसऱ्या बाजूने हिशेब सुरू केला. नोकरी सोडली तर घराला नेमके किती रुपये कमी पडतील? माझा एकूण पगार २०,५०० आणि हातात येणारे साडेअठरा हजार. यजमानांचे ३१,०००. घराचा महिन्याचा खर्च, कर्जाचा हप्ता धरून, ४१,०००. इतके सगळेच लिहितात. पण वर्षातून एकदा येणारे खर्च महिन्याच्या यादीत दिसत नाहीत. शाळेची फी, दिवाळी, घरपट्टी, गाडीचा विमा, लग्नाचे आहेर. मागच्या दोन वर्षांची बँकेची नोंद काढून मी ते मोजले तेव्हा वर्षाचे ५४,००० निघाले, म्हणजे महिन्याला साडेचार हजार. यजमानांचा पगार वजा केला तर उरणारी तूट साडेचौदा हजार झाली.

त्याहून लपलेल्या दोन गोष्टी पगारपत्रकात होत्या. माझा पगार २१,००० च्या आत असल्याने मला ईएसआयसी लागू आहे. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, सव्वातीन टक्के पेढी भरते आणि त्यावर मी, यजमान आणि मुलगी यांच्या औषधपाण्याची सोय होते. नोकरी गेली की ती सोय जाते. तिच्या जागी आरोग्य विमा घ्यायचा तर आम्हा तिघांना वर्षाचे २४,००० सांगितले गेले. दुसरी गोष्ट भविष्य निर्वाह निधीची. माझ्या १४,००० मूळ पगारातून बारा टक्के जातात आणि तेवढेच पेढी घालते. दोन्ही मिळून महिन्याला ३,३६० रुपये माझ्या म्हातारपणासाठी बाजूला पडतात, जे मी कधी हातात घेतले नाहीत म्हणून कधी मोजलेही नाहीत. तूट, विमा आणि हा निधी यांची महिन्याची बेरीज १९,८६० झाली. हातात साडेअठरा हजार देणारी नोकरी सोडायला वाकळींतून वीस हजार सुटायला हवेत, हा माझ्या वहीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. तो मी पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहून ठेवला.

माझ्या एकट्या हातांनी हा आकडा गाठणे शक्य नव्हते, हे स्पष्ट होते. म्हणून प्रश्न असा झाला की वाकळीतले कोणते काम माझ्याशिवाय होत नाही आणि कोणते होते. रंगांची निवड, कोणता तुकडा कुठे बसवायचा, थर लावणे, गोट आणि शेवटची तपासणी हे माझे. धावदोऱ्याचे दहा तास मात्र ज्याचा टाका सारखा पडतो अशा कोणाचेही असू शकतात. आमच्या मागच्या गल्लीत विडी वळणाऱ्या बायका आहेत. सोलापुरात विडी कामगार बायका किती आहेत हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यांच्यातल्या एका तेलुगू बोलणाऱ्या अक्कांना मी एक वाकळ दाखवून विचारले की एका वाकळीमागे किती द्यावे. त्यांनी वाकळ उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "वाकळीचं काय सांगतेस? एक लहान, एक मोठी. शिवलं किती ते मोज. आमचं हजारावर असतं, तसं तुझं मापावर ठेव." आयुष्यभर हजार विड्यांमागे मजुरी घेतलेल्या बाईचा हा सल्ला होता आणि माझ्या वहीत शिवणीचे मीटर आधीच लिहिलेले होते. मीटरला पंधरा रुपये ठरले. त्यांचा हात तासाला चार-पाच मीटर चालतो, म्हणजे साठ ते पंचाहत्तर रुपये तास. याहून कमी देऊन माझे गणित अधिक सोपे झाले असते, पण ज्या दराने मी स्वतः काम करायला नाराज होते त्याच्या निम्म्याने दुसरीकडून ते करून घेणे मला मान्य नव्हते.

पंधरा रुपयांनी ४० मीटरचे ६०० रुपये होतात. १,२०० ला विकून हे परवडत नाही. बाळवाकळीची किंमत १,८०० करावी लागली; त्यातून मजुरीचे ६०० आणि साहित्य व पिशवी यांचे २०० गेले की हजार रुपये उरतात आणि माझे चार तास लागतात. मोठ्या वाकळीत मी आणखी एक बदल केला. घरातल्या गेलेल्या माणसाची लुगडी, धोतरे, लहानपणीचे झगे घेऊन येणारी गिऱ्हाइके निराळी असतात. त्यांना पांघरूण नको असते, ते माणूस जवळ हवे असते. अशा वाकळीला मी ७,५०० सांगू लागले. मजुरी आणि साहित्य मिळून अडीच हजार वजा जाता पाच हजार उरतात, आणि माझे बारा तास जातात.

आता किंमत वाढली म्हणजे मागणीचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उभा राहिला. मागणी मोजण्याची माझी रीत तोवर चुकीची होती. "छान आहे", "मला पण एक हवी", "केव्हातरी सांगते" हे सगळे मी मागणीत धरत होते. एका प्रदर्शनात दोन दिवस गाळा लावला तेव्हा शंभरावर बायकांनी वाकळींवरून हात फिरवला, कित्येकींनी आजीच्या आठवणी सांगितल्या आणि विकल्या गेल्या चार. तेव्हापासून वहीत मी दोनच रकाने ठेवले. पहिल्यात किंमत ऐकल्यानंतरही बोलणे पुढे नेणारी माणसे आणि दुसऱ्यात निम्मी रक्कम आगाऊ देणारी. नातेवाईक आणि ऑफिसातली मंडळी यांची नावे मी वेगळ्या पानावर लिहिते, कारण ती माझ्यासाठी घेतात, वाकळीसाठी नव्हे. आणि प्रत्येकाच्या घरी एकेक वाकळ झाली की ते पान संपते. ज्यांनी मला कधी पाहिलेले नाही त्यांनी दिलेली आगाऊ रक्कम, तेवढीच मागणी मी मानते. १,२०० ला वीस चौकशांमागे नऊ जणी आगाऊ पैसे देत होत्या. १,८०० ला सहा देऊ लागल्या. तीन गेल्या, याचे वाईट वाटले. पण नऊ वाकळींतून पूर्वी ११७ तासांत साडेनऊ हजार सुटत होते आणि आता सहांतून २४ तासांत सहा हजार सुटतात, हे वहीत शेजारीशेजारी लिहिल्यावर किंमत खाली आणण्याचा विचार मी सोडून दिला.

सोलापूरच्या मागणीला आणखी एक अंग आहे. इथला उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना पटेल की एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळीस ओलांडून जात असताना, मोठ्या वाकळीला हात लावावासासुद्धा वाटत नाही. नवरात्रापासून मागणी सुरू होते, दिवाळीत वाढते, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास बाहेरगावी राहणारे सोलापूरकर घरी आलेले असतात तेव्हा आठवणींच्या वाकळी सर्वाधिक सांगितल्या जातात आणि महाशिवरात्रीनंतर एकदम ओहोटी लागते. बाळे मात्र बाराही महिने जन्मतात, म्हणून बाळवाकळ उन्हाळ्यातही थोडी चालते. गेल्या पूर्ण वर्षाच्या नोंदी, म्हणजे घेतलेल्या आणि वेळेअभावी पुढे ढकलाव्या लागलेल्या पण आगाऊ पैसे आलेल्या अशा सगळ्या, एकत्र केल्या तेव्हा हंगामाच्या सहा महिन्यांत महिन्याला सरासरी अकरा बाळवाकळी आणि तीन मोठ्या निघाल्या, म्हणजे २६,००० रुपये. उरलेल्या सहा महिन्यांत महिन्याला पाच बाळवाकळी आणि क्वचित एखादी मोठी, म्हणजे जेमतेम आठ हजार. डिसेंबरात कोणी मला विचारले असते तर मी छातीठोकपणे नोकरी सोडा म्हणाले असते आणि मे महिन्यात तेवढ्याच खात्रीने सोडू नका. एखाद्या चांगल्या महिन्यावरून वर्षाचा अंदाज बांधणे यात किती धोका आहे हे माझ्या वहीनेच मला दाखवले; वर्षाची सरासरी १७,००० होती आणि लाल शाईतला आकडा वीस हजारांचा होता.

मध्यंतरी एक नुकसान झाले, तेही सांगायला हवे. एका गिऱ्हाइकाने आईचे लाल काठांचे जुने लुगडे आणि पांढरे धोतर आठवणींच्या वाकळीसाठी दिले. लुगडे इतके जुने होते की त्याचा रंग आता जाणार नाही असे मी गृहीत धरले. वाकळ तयार झाल्यावर शेवटची धुतली तेव्हा काठाचा लाल रंग पांढऱ्यावर उतरला. त्या माणसाकडे दुसरे धोतर नव्हते. मी पैसे परत केले, अक्कांची मजुरी दिली आणि साधारण अडीच हजारांची खोट बसली. त्या धोतराची भरपाई मात्र कशानेच होणार नव्हती. आता कोणताही रंगीत तुकडा घेतला की पांढरा ओला रुमाल त्यावर जोरात घासून पाहते, रुमालावर रंग आला तर गिऱ्हाइकासमोरच तसे सांगते आणि सिंथेटिक साडी सुती थरांबरोबर घेत नाही, कारण ती आत सरकते आणि दोन धुण्यांत वाकळीला चुण्या पडतात. छंदात अशी चूक झाली असती तर वाकळ माझ्याच घरी राहिली असती. तेव्हापासून दर वाकळीमागे पन्नास रुपये चुकांसाठी म्हणून मी वेगळे ठेवते आणि ते स्वतःच्या कमाईत धरत नाही.

आता घरच्यांविषयी. घरच्यांचा पाठिंबा आहे का, असे मला जो तो विचारी आणि मी हो म्हणे. यजमान म्हणाले होते, "तुला वाटतं ना, मग कर." सासूबाईंनीही कधी नको म्हटले नाही. पण त्या अठरा दिवसांत मला कळले की हा होकार कशाला आहे हे आम्ही कोणीच बोललो नव्हतो. आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड येते. पाणी आले की घरातली पिंपे, हंडे, टाकी भरायची, साठलेले धुणे काढायचे आणि त्याच दिवशी मला गिऱ्हाइकांची पाच-सहा लुगडी धुऊन वाळत घालायची होती. गच्चीवरच्या दोन्ही दोऱ्या माझ्या लुगड्यांनी भरल्या आणि घरचे कपडे ओले राहिले तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी सगळे कपडे खाली आणून खुर्च्यांवर पसरले आणि त्यांचे ते न बोलणे मला रात्रभर जाणवले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापाशी बसले. पाठिंबा आहे का, असे विचारण्याऐवजी वहीतले एक पान पुढे ठेवले, ज्यावर वेळ, जागा आणि पाणी असे तीनच शब्द लिहिले होते. त्या म्हणाल्या, "कामाला माझी ना नाही. पण पाण्याच्या दिवशी सकाळी नऊपर्यंत दोऱ्या घरच्या. त्यानंतर तुझ्या." इतके स्पष्ट उत्तर मला गोड बोलण्यातून कधी मिळाले नसते. यजमानांनी रविवारची सकाळ आणि कुरिअरला जाणे आपल्याकडे घेतले. मुलगी तेव्हा नववीत होती. तिने विचारले की दहावीच्या क्लासची फी यातून कमी होणार नाही ना, आणि त्या प्रश्नानंतर आम्ही तिच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचे पैसे वेगळ्या ठेवीत टाकले, ज्यांना व्यवसायासाठी हात लावायचा नाही असे ठरले. घरच्या माणसांची भीती ही विरोध नसते. ती ऐकून घेतली तर तिच्यातून असे एखादे कलम निघते की जे आपल्याला सुचलेले नसते.

साठवणुकीचा आकडा आम्ही या सगळ्या नोंदींवरून काढला. सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, असे सर्वजण सांगतात. पण माझी तूट बारा महिने सारखी नाही, ती उन्हाळ्यात एकवटलेली आहे. मंदीच्या सहा महिन्यांत महिन्याला बारा हजारांची, म्हणजे ७२,००० ची तूट. माझा हात दुखावला किंवा कोणी आजारी पडून तीन महिने काहीच काम झाले नाही तर साठ हजार. आणि घरातल्या अडीअडचणीला पन्नास हजार, जे आजही ठेवलेलेच असतात. सगळे मिळून १,८२,०००. सध्या आमच्याकडे १,६५,००० आहेत. यात भविष्य निर्वाह निधी धरलेला नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. पाच वर्षे सलग नोकरी झाल्यावर ग्रॅच्युइटी मिळते. मूळ पगाराला सव्वीसने भागून पंधराने आणि नोकरीच्या वर्षांनी गुणले की रक्कम येते आणि माझ्या बाबतीत दहा वर्षांची ती सुमारे ८०,००० होते. पण हातात न आलेला पैसा साठवणुकीत लिहायचा नाही, हा पेढीवरचा नियम मी घरीही पाळते.

दहा वर्षे हा आकडा मी मुद्दाम लिहिला. निर्वाह निधीबरोबर जी पेन्शन योजना असते तिच्यात पेन्शनचा हक्क मिळायला दहा वर्षांची नोकरी पुरी व्हावी लागते. माझी ती येत्या सप्टेंबरात पुरी होते. गेल्या डिसेंबरात उत्साहाच्या भरात राजीनामा दिला असता तर नऊ महिन्यांसाठी तो हक्क हुकला असता. शिवाय सप्टेंबरनंतर नवरात्र येते, म्हणजे पहिला पगार बंद होईल तेव्हा हंगाम सुरू होत असेल.

तरी तीन हजारांची सरासरी तूट उरतेच. त्यावर मार्ग पेढीवरच निघाला. नियुक्तीपत्रात बाहेरच्या कामाविषयी एक अट होती, म्हणून सुरुवातीलाच मी मालकांना सांगून लेखी परवानगी घेतली होती. त्यामुळे या वर्षी मी मोकळेपणाने त्यांच्याशी बोलू शकले. मार्च ते ऑगस्ट, म्हणजे वर्षअखेरीचे हिशेब, विवरणपत्रे आणि तपासणी यांचा काळ. पेढीला तेव्हा माणूस कमी पडतो आणि माझ्या वाकळींना तेव्हाच मागणी नसते. त्या सहा महिन्यांत आठवड्याचे दोन दिवस येऊन जमाखर्च बघावा आणि महिन्याला सहा हजार घ्यावेत, असे ठरले. म्हणजे मंदीतली कमाई आठ हजारांवरून चौदा हजारांवर जाते आणि १९,८६० च्या नेमक्या आकड्याशी ताडली तर तूट ५,८६० वर येते. सहा महिन्यांचे ३५,१६० होतात. हंगामात महिन्याला ६,१४० जादा सुटतात, त्यांचे ३६,८४० होतात. वर्षअखेरीस १,६८० रुपये शिल्लक राहतात. फार थोडे आहेत हे मला दिसते. पण बेरीज पहिल्यांदाच रेषेच्या वर आली आहे आणि ती ज्या आकड्यांवर उभी आहे ते सगळे माझ्या हाताखालून गेलेले आहेत.

वहीच्या शेवटच्या पानावर यजमानांनी आणि मी मिळून तीन ओळी लिहिल्या आहेत. ३० सप्टेंबरच्या आधी साठवणूक १,८२,००० झाली नाही तर तारीख एक वर्ष पुढे जाईल. पुढच्या फेब्रुवारीच्या अखेरीस ती दीड लाखाच्या खाली गेलेली असेल तर मी पुन्हा पूर्णवेळ नोकरी शोधेन आणि त्याविषयी घरात कोणी कोणाला काही म्हणायचे नाही. तिसरी ओळ सासूबाईंनी सांगितली आणि मी लिहून घेतली: रात्री साडेदहानंतर सुई डबीत.

आज मे महिन्याचा तिसरा रविवार आहे. या महिन्याच्या पानावर आतापर्यंत तीन नोंदी झाल्या आहेत, तिन्ही बाळवाकळींच्या, त्यातली एक लातूरहून एका अनोळखी बाईंनी सांगितलेली, जिने तीन वर्षांपूर्वी पहिल्या बाळासाठी माझ्याकडून १,२०० रुपयांत वाकळ घेतली होती आणि आता दुसऱ्यासाठी १,८०० सांगितल्यावर त्याच संध्याकाळी ९०० रुपये पाठवले. तिचे नाव दुसऱ्या रकान्यात लिहिले आहे. उद्या पाणी आहे; तिची कापडे आज रात्री भिजत घालायची, आणि सकाळी नऊनंतर वाळत.